वडील दम लागणे लपवतात आणि डॉक्टरांचे नाव काढू देत नाहीत: त्यांच्याशी बोलावे कसे?

शांतवाट

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. रक्तदाब बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्याच्या गोळ्या ते स्वतःच्या मर्जीने कधी घेतात, कधी सोडतात. गेल्या काही महिन्यांत त्यांना दम लागतो आहे, असे मला आणि आईला स्पष्ट दिसते. परंतु ते ते मान्य करत नाहीत. काल आमच्यात झालेले बोलणे जसेच्या तसे लिहितो, कारण प्रत्येक वेळी ते याच वळणाने जाते.

मी: बाबा, जिना चढताना तुम्हाला दम लागतो का?

बाबा: नाही.

मी: मग मध्येच का थांबलात?

बाबा: गुडघा दुखतो. या वयात दुखणारच.

मी: एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या.

बाबा: गुडघ्यासाठी गोळी घेतो आहे ना मी? त्यात डॉक्टर काय वेगळे सांगणार? तू तुझे काम बघ.

यापुढे मी काही बोललो की त्यांचा आवाज चढतो आणि आई मला खुणेने थांबवते. फोनवर बोलताना त्यांचे वाक्य आता अर्ध्यावर तुटते. रात्री ते पलंगाऐवजी आरामखुर्चीत झोपू लागले आहेत आणि विचारले तर पाठीला बरे वाटते असे सांगतात. आईच्या म्हणण्याप्रमाणे ते मध्यरात्री उठून खिडकीशी जाऊन बसतात. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणे हे त्यांचे अत्यंत आवडीचे काम होते; तेही त्यांनी आईकडे सोपवले आहे.

बळजबरीने नेता येत नाही आणि गप्प बसवत नाही. ज्यांनी अशा माणसाशी बोलून त्याला तयार केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

श्वासयोगी

आपली काळजी समजते, परंतु लगेच घाबरून जाऊ नये. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणा आणि ऑक्सिजन मोजा. ९५ च्या वर असेल तर फुप्फुसे ठीक आहेत असे समजावे. गुडघे दुखतात म्हणून चालणे कमी होते, चालणे कमी झाले की स्नायूंची सवय मोडते आणि मग थोड्याशा श्रमानेही दम लागतो. माझ्या परिचयातील अनेकांना केवळ रोजच्या चालण्याने आणि दीर्घ श्वसनाने फरक पडला आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी महिनाभर हे करून पाहण्यास हरकत नाही.

निवृत्त_परिचारिका

मी हृदयरोग विभागात बरीच वर्षे काम केले आहे. निदान करणे हा माझा अधिकार नाही आणि मी ते करणारही नाही; पण शांतवाट यांनी सहज म्हणून लिहिलेल्या दोन गोष्टींकडे मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे. आरामखुर्चीत झोपणे आणि मध्यरात्री उठून खिडकीशी बसणे या त्या दोन गोष्टी. जिन्यावर दम लागण्याची कारणे पुष्कळ असू शकतात. रक्त कमी असणे, वजन, फुप्फुसांचे जुने विकार, सवय मोडणे यांपैकी काहीही असेल. परंतु आडवे झाल्यावर दम लागणे आणि उठून बसल्यावर तो ओसरणे हे निराळे आहे. माणूस आडवा होतो तेव्हा पायांकडचे रक्त छातीकडे परतते. हृदय सशक्त असेल तर ते हा वाढीव भार सहज पुढे ढकलते. ते थकलेले असेल तर फुप्फुसांतील दाब वाढतो, तेथे पाणी साचू लागते आणि माणूस झोपेतून एक-दोन तासांनी गुदमरल्यासारखा जागा होतो. तो बसतो, उभा राहतो, खिडकी उघडतो आणि थोड्या वेळाने त्याला बरे वाटते. सकाळी तो घरच्यांना सांगतो की झोप लागत नव्हती. जुन्या दम्यात किंवा फुप्फुसांच्या विकारातही काहींना आडवे झाल्यावर त्रास होतो, त्यामुळे हे हृदयाचेच आहे असे मी म्हणत नाही. हे महिनाभर थांबण्यासारखे नाही, एवढे मात्र निश्चित म्हणते.

श्वासयोगी यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. सवय मोडल्याने दम लागतो, हे खरे आहे. परंतु त्या दमाने माणूस मध्यरात्री उठून बसत नाही. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर एवढा विश्वास ठेवणेही योग्य नाही. हृदयाचे काम मंदावलेल्या कितीतरी माणसांचा शांत बसलेले असतानाचा आकडा ९७ किंवा ९८ असतो. रक्त कमी असलेल्यांचाही तो उत्तम येतो, कारण आहे त्या रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरला आहे एवढेच ते यंत्र सांगते; मुळात रक्त किती आहे हे सांगत नाही. आकडा कमी आला तर तो गंभीरपणे घ्यावा. चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये, आणि वडिलांच्या हाती तर तो पुरावा म्हणून मुळीच देऊ नये.

आता संवादाविषयी. आपला पहिला प्रश्नच बदलावा लागेल. 'दम लागतो का' या प्रश्नाला वडील 'नाही' म्हणतात तेव्हा ते प्रत्येक वेळी खोटे बोलत असतात असे नाही. दम लागणारा माणूस हळूहळू अशी सर्व कामे सोडून देतो ज्यांत दम लागतो. गच्ची सोडली, पलंग सोडला, लांबचे फोन सोडले. मग उरलेल्या दिवसात त्याला खरोखरच दम लागत नाही. म्हणून काय होते हे न विचारता काय सुटले, हे विचारावे. 'मागच्या वर्षी या दिवसांत तुम्ही दिवसभरात काय काय करत होता?' असे विचारून पाहा आणि त्यानंतर आपण शांत राहा. त्यांना मध्ये अडवू नका.

आणखी एक गोष्ट त्यांच्या नकळत पाहता येईल. ते दूरदर्शन पाहत असताना पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजा. शांत बसलेल्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. मोजतो आहोत हे त्यांना कळू देऊ नका, कारण कळले की श्वासाची लय बदलते.

कोमल_रेषा

माझ्या आईला अगदी असाच त्रास होता. ती रात्री उठून बसायची, खोकायची. तो दमा निघाला आणि तोंडाने ओढायचा पंप सुरू केल्यावर ती आठवड्याभरात बरी झाली. आपल्या घरी कोणाकडे तसा पंप असेल तर वडिलांना एकदा देऊन पाहावा. त्यांना लगेच बरे वाटले तर डॉक्टरांकडे यायला ते आपणहून तयार होतील, असे मला वाटते.

निवृत्त_परिचारिका

कोमल, आपल्या आईंना आराम पडला हे वाचून बरे वाटले. परंतु दुसऱ्याचा पंप देऊन पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या पंपातील काही औषधांनी छातीचे ठोके वाढतात आणि कारण हृदयात असेल तर नेमके तेच नको असते. शिवाय थोडा वेळ बरे वाटले, तर वडील त्यावरच विसंबून राहतील आणि डॉक्टरांकडे जाण्याचे कारणच उरणार नाही.

ज्येष्ठ_वाचक

मी ७१ वर्षांचा आहे, म्हणून शांतवाट यांच्या वडिलांच्या बाजूने चार शब्द लिहितो. मुलाला वाटते की वडील हट्टी आहेत. माझ्या वयाचा माणूस डॉक्टरांना टाळतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा एखादी ठरावीक घटना असते. कोणीतरी चालत दवाखान्यात गेले आणि परत आले नाही, किंवा परत आले ते दुसऱ्याच्या आधाराने जगण्यासाठी. त्याला मरणाइतकीच भीती या गोष्टीची असते की एकदा आत गेले की पुढचे सर्व निर्णय मुले आणि डॉक्टर मिळून घेतील आणि त्याला फक्त सही करायला सांगतील. ही भीती तो कोणाजवळ बोलून दाखवत नाही, कारण बोलला की लगेच त्याची समजूत काढली जाते. समजूत काढलेली आम्हाला आवडत नाही.

म्हणून मी सुचवतो की त्यांना पटवण्याच्या आधी त्यांना कोणती घटना आठवते हे विचारा. आणि उत्तर आले तर 'तसे काही होणार नाही' असे म्हणू नका. तसे होणार नाही हे आपल्याला ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक नाही हे त्यांना ठाऊक आहे.

शांतवाट

आपणा दोघांच्या प्रतिसादांचा मला फार उपयोग झाला. श्वास मोजले, टीव्हीसमोर स्वस्थ बसलेले असताना ते २४ भरले. त्यानंतर आई आत असताना मी गच्चीचा विषय काढला. झालेले बोलणे देतो.

मी: बाबा, मागच्या वर्षी या दिवसांत सकाळी तुम्ही किती वेळ गच्चीवर असायचात?

बाबा: चांगला तासभर. कुंड्या उचलून सावलीत ठेवायचो. तुझ्या आईला एकही कुंडी उचलू द्यायचो नाही.

मी: आणि आता?

बाबा: आता ती घालते पाणी. (बराच वेळ थांबून) कुंडी उचलायला वाकले की जीव घाबरा होतो.

मी: गुडघ्याने?

बाबा: गुडघ्याने कसा होईल?

मी यावर काहीच बोललो नाही. पूर्वी मी अशा क्षणी लगेच 'म्हणूनच म्हणतो डॉक्टरांकडे चला' असे म्हटले असते. थोड्या वेळाने तेच पुन्हा बोलू लागले.

बाबा: दादालाही असेच व्हायचे. तपासायला म्हणून गेला आणि त्यांनी तिथेच ठेवून घेतले. शेवटी बोलताही येत नव्हते त्याला, नळ्या घातल्या होत्या. मला कोणी विचारले नाही, त्याला तर नाहीच नाही.

मी: तुम्हाला त्याचीच भीती वाटते का, की तुम्हालाही विचारणार नाहीत?

बाबा: भीती वगैरे काही नाही. पण मी तिथे राहणार नाही, एवढे सांगून ठेवतो.

बोलणे येथेच थांबले. ते मान्य झाले असे नाही, पण 'दम लागत नाही' हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही. माझे थोरले काका दहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत बाबा त्यांच्याजवळ होते, आणि या घटनेचा आजच्या नकाराशी संबंध असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

तर्कनिष्ठ

एवढे सर्व बोलत बसण्यापेक्षा सरळ उपाय करावा. आईला तपासायचे आहे असे सांगून दोघांना घेऊन जा आणि डॉक्टरांना आधी फोन करून ठेवा की खरे रुग्ण वडील आहेत. एकदा समोर बसले की डॉक्टर रक्तदाब मोजतील, ईसीजी काढतील आणि काम होईल. आमच्या घरी हे यशस्वी झाले आहे. आजार वाढल्यावर संवाद उत्तम होता याचे समाधान कोणाला होणार आहे?

ज्येष्ठ_वाचक

तर्कनिष्ठ, एकदा यशस्वी झाले असेल. पण त्यांना ज्याची भीती आहे तेच आपण करायला सांगत आहात, म्हणजे त्यांना न विचारता आत नेणे. त्या दिवशी ईसीजी निघेल. पुढे महिनोन्महिने गोळ्या मात्र त्यांच्याच हाताने घ्यायच्या आहेत.

तर्कनिष्ठ

तत्त्व मान्य आहे. तरीही मिनिटाला २४ श्वास आणि रात्रीचे उठणे, एवढे समोर असताना मी आणखी वाट पाहिली नसती. याबाबत माझे मत बदललेले नाही.

निवृत्त_परिचारिका

मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत आणि वेळेचे महत्त्व तर्कनिष्ठ यांच्याइतकेच मानते. फसवून आणलेला रुग्ण डॉक्टरांसमोर 'मला काहीही होत नाही' एवढेच म्हणतो. तो खुर्चीत शांत बसलेला असतो, त्या क्षणी त्याला दम लागलेला नसतो, आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरांना त्याच्या बोलण्यावर विसंबावे लागते. असा रुग्ण गुडघ्याची गोळी बदलून घेऊन घरी परत गेलेला मी पाहिला आहे. म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. वडील जी अट घालत आहेत ती मान्य करण्याजोगी आहे का, हे आधी पाहा. 'मी राहणार नाही' असे ते म्हणतात, 'मी येणार नाही' असे म्हणालेले नाहीत. भेट एकच, त्या दिवशी फक्त तपासणी, दाखल करण्याचा प्रश्न आला तर डॉक्टरांनी त्यांच्याशी थेट बोलायचे आणि उत्तर त्यांनीच द्यायचे. एवढे आपण प्रामाणिकपणे कबूल करू शकता. जे आपल्या हातात नाही, ते कबूल करू नका.

सोबत एक कागद न्या आणि त्यावर मोजकेच लिहा. कोणती कामे कधीपासून सुटली, झोप कशी घेतात, रात्री उठतात का, वाकल्यावर काय होते, आणि कोणकोणत्या गोळ्या पोटात जातात. तो कागद त्यांना आधी वाचायला द्या. चुकीचे वाटेल ते त्यांनी खोडावे. खोडलेल्या ओळीसुद्धा डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातात. तपासणी झाल्यावर त्यांना थोडे चालवून पाहा, अशी विनंती डॉक्टरांना करा. बसलेल्या माणसात जे दिसत नाही ते बाहेरच्या मार्गिकेत एक-दोन फेऱ्यांनंतर दिसते.

गुडघ्यासाठी ते नेमकी कोणती गोळी घेतात, हे कृपया येथे लिहा. मला ती बाब सतावते आहे.

शांतवाट

डायक्लोफेनॅक. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणतात आणि आईच्या सांगण्यानुसार जवळजवळ रोज घेतात.

निवृत्त_परिचारिका

या गटातील वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. हृदय आधीच थकलेले असेल तर त्या रोज घेतल्याने पायांवर सूज आणि छातीत पाणी दोन्ही वाढू शकतात. म्हणजे दम लपवण्यासाठी पुढे केलेल्या गुडघ्याची गोळीच दम वाढवत असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना हे अवश्य सांगा, आणि भेट होईपर्यंत ती गोळी न घेण्याबद्दल त्यांच्याशी आजच बोला. पायांकडेही पाहा. नडगीच्या हाडावर अंगठ्याने थोडा वेळ दाबून ठेवल्यावर खळगा राहतो का, आणि संध्याकाळी मोज्यांची खूण खोल उमटते का?

मध्यरात्र

मी फक्त वाचत होते, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. माझेही वडील असेच आहेत. समजावणे, अटी, कागद हे सर्व ठीक आहे, परंतु संवाद थांबवून सरळ उचलून न्यावे असा क्षण कसा ओळखायचा?

निवृत्त_परिचारिका

अगदी योग्य प्रश्न विचारलात. काहीही न करता, बसल्या जागी दम लागत असेल. एक वाक्य एका श्वासात पुरे होत नसेल. ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील. छातीवर दाब, गार घाम, चक्कर असेल. माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल. अथवा कालपर्यंत बरा असलेल्या माणसाला अचानक धाप लागली असेल, तर चर्चा करू नये. त्याला बसते ठेवावे, झोपवू नये, आणि रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखत नाही याचा आधार घेऊ नये. मधुमेह असलेल्यांत आणि वृद्धांत हृदयविकाराचा झटका दुखल्याशिवाय, केवळ दम लागून येऊ शकतो.

आणि शांतवाट, आपण लिहिले होते की फोनवर त्यांचे वाक्य तुटते. ते चालताना बोलत असतील तर एक गोष्ट. बसून बोलतानाही तुटत असेल तर आपल्याला आठवडाभराचा अवधी नाही. कृपया आजच पाहून घ्या.

शांतवाट

बसून बोलताना वाक्य तुटत नाही, फोन ते फेऱ्या मारत घेतात. नडगीवर मात्र खळगा राहतो. तो मी बाबांना दाखवला आणि मग आमचे बोलणे झाले.

बाबा: हे कधीपासून आहे?

मी: मला माहीत नाही. मी आजच पाहिले.

बाबा: त्या गोळीने होते म्हणतोस?

मी: होऊ शकते. डॉक्टर सांगतील. बाबा, मी तुम्हाला एक विचारतो. तुम्ही म्हणालात की तिथे राहणार नाही. समजा तुम्ही तपासायला आलात आणि राहायचे की नाही हे तुम्हीच ठरवायचे असे मी मान्य केले, तर याल का?

बाबा: आणि डॉक्टर म्हणाले राहा, तर तू त्यांच्या बाजूने बोलशील.

मी: मला जे वाटेल ते मी तुमच्यासमोर बोलेन. तुमच्या पाठीमागे डॉक्टरांशी काही बोलणार नाही. उत्तर तुम्ही द्यायचे.

बाबा: मी एकटा आत जाईन.

मी: चालेल. हा कागद मात्र आत न्यायचा.

त्यांनी कागद वाचला. 'रात्री खिडकीशी बसतात' ही ओळ खोडली, थोड्या वेळाने तिच्याच खाली स्वतःच्या अक्षरात 'आठवड्यातून तीन-चार वेळा' असे लिहिले. आईलाही ते इतक्या वेळा होते हे माहीत नव्हते.

शांतवाट

भेट झाली. बाबा एकटे आत गेले आणि बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी मला बोलावले, तेही बाबांना विचारून. डॉक्टरांनी त्यांना मार्गिकेत चालवले होते. ईसीजीत दोष दिसला, छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयाचा आकार मोठा आणि फुप्फुसांच्या तळाशी थोडे पाणी दिसले, रक्ताचे प्रमाण मात्र ठीक निघाले. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ३५ टक्के आले. डायक्लोफेनॅक पूर्ण बंद करण्यास सांगितले आहे. पाणी उतरवण्याची गोळी आणि हृदयासाठी आणखी औषधे सुरू केली आहेत. दाखल व्हावे लागले नाही. पण सूज उतरली नाही किंवा दम वाढला तर व्हावे लागेल, असे डॉक्टरांनी बाबांनाच स्पष्ट सांगितले. बाबांनी त्यावर 'तेव्हा पाहू' एवढेच म्हटले, नाही म्हटले नाही.

ते पुन्हा पलंगावर झोपू लागले आहेत, उशा अजून दोन लागतात. नवी अडचण अशी की पाणी उतरवणाऱ्या गोळीमुळे वारंवार लघवीला जावे लागते, म्हणून बाहेर जायच्या दिवशी ते ती गोळी चुकवतात आणि तेही सांगत नाहीत. दुसरे म्हणजे डॉक्टरांनी अँजिओग्राफी सुचवली आहे आणि बाबांनी तिला ठाम नकार दिला आहे.

निवृत्त_परिचारिका

३५ टक्के हे शंभरातले ३५ नव्हेत, हे आधी बाबांना सांगा, कारण हा आकडा ऐकून अनेक जण खचतात. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आतले सर्व रक्त बाहेर टाकत नाही. त्याचा आकडा साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. ३५ कमीच आहे, पण औषधांनी तो सुधारलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

पाण्याची गोळी चुकवण्याबद्दल त्यांना रागावू नका. सकाळीच बाहेर जायचे असेल तर त्या दिवशी ती घरी परतल्यावर, दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बरेच डॉक्टर याला परवानगी देतात. माणसाला बाहेर जाता येते आणि गोळीही चुकत नाही. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर त्यांनी स्वतः वजन करावे आणि लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर ते अंगावर मांस चढलेले नसते, पाणी साचलेले असते, आणि दम लागण्याच्या आधी काटा ते दाखवतो. हे काम त्यांच्याच हाती द्या. आपण रोज वजन विचारत राहिलात तर तेही लपवले जाईल.

तर्कनिष्ठ

अँजिओग्राफीबाबत तरी आता आग्रह धरावा असे मला वाटते. रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर नुसत्या गोळ्यांनी किती दिवस निभावणार?

ज्येष्ठ_वाचक

माझे मत वेगळे आहे. त्यांनी त्या डॉक्टरांना पुन्हा भेटायचे कबूल केले आहे का, हे मी आधी विचारेन. केले असेल तर हा प्रश्न त्या खोलीत, त्या दोघांमध्ये पुन्हा निघेल.

शांतवाट

पुढच्या भेटीचा दिवस त्यांनीच वहीत लिहून ठेवला आहे. अँजिओग्राफीत नेमके काय करतात, त्या रात्री तिथे राहावे लागते का आणि नळी कुठून घालतात, हे तीन प्रश्न त्यांनी त्याच पानावर लिहिलेले आईने पाहिले. माझ्याजवळ त्यांनी याचा उल्लेख केलेला नाही आणि मीही विचारलेले नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणाला माहीत असल्यास येथे लिहावे.

निवृत्त_परिचारिका

आजकाल बहुतेक वेळा मनगटातून घालतात, काही वेळा जांघेतून. त्या जागेपुरती भूल देतात, माणूस जागा असतो आणि बोलू शकतो. मनगटातून केल्यास पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी घरी सोडतात, परंतु त्यांच्या मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टर वेगळे ठरवू शकतात, कारण त्यात वापरलेला रंग मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. हे उत्तर त्यांना आपण देऊ नका. त्यांनी ते प्रश्न डॉक्टरांसाठी लिहिले आहेत, तेव्हा ते डॉक्टरांनाच विचारू द्या.